भिंतीतून निघालेला गर्डर टोकाला किती झुकतो?

कारखान्याच्या भिंतीतून दोन मीटर बाहेर आलेला लोखंडी गर्डर आणि त्याच्या टोकाला टांगलेला चेन पुली ब्लॉक अनेकांनी पाहिला असेल. अशा एका बाजूनेच धरलेल्या तुळईला कँटिलिव्हर म्हणतात. १६३८ साली गॅलिलिओने आपल्या ग्रंथात अशाच तुळईचं चित्र दिलं होतं, पण त्याला पडलेला प्रश्न ती कधी मोडेल हा होता. मोडण्याच्या कितीतरी आधी ती किती झुकते, याचा हिशेब पुढे याकोब बर्नुली आणि ऑयलर यांनी लावला.

त्यांच्या हिशेबाचं मूळ सोपं आहे. टोकाला P वजन आणि लांबी L असेल, तर भिंतीपासून x अंतरावरच्या छेदाला वाकवणारा जोर म्हणजे वजन गुणिले तिथून टोकापर्यंतचं अंतर, P(L − x). भिंतीशी तो सर्वांत जास्त आणि टोकाला शून्य. जिथे जोर जास्त तिथे गर्डर जास्त वळतो. हे वळण किती, ते EI ठरवतो: E म्हणजे पोलादाचा ताठपणा आणि I म्हणजे छेदाच्या आकाराचा ताठपणा. झुकाव y खालच्या दिशेने मोजला, तर

EI y'' = P(L − x)

y'' हे वळण आहे, म्हणजे उतार किती वेगाने बदलतो ते. भिंतीपासून पुढे जात हे बदल साठवत गेलो, की उतार मिळतो. उतार साठवत गेलो, की झुकाव. दोनदा इंटिग्रेशन ते हेच.

EI y' = P(Lx − x²/2) + C1
EI y = P(Lx²/2 − x³/6) + C1·x + C2

खरी गंमत C1 आणि C2 मध्ये आहे. वरच्या समीकरणाला वजन ठाऊक आहे, लांबी ठाऊक आहे, पण भिंत कुठे आहे याचा त्याला पत्ताच नाही. ते आपण सांगायचं: x = 0 इथे गर्डर फिरत नाही, म्हणून C1 = 0, आणि खालीही जात नाही, म्हणून C2 = 0. मग टोकाचा उतार PL²/2EI आणि झुकाव PL³/3EI.

दोन्ही शून्य आल्यामुळे विद्यार्थ्यांना वाटतं, हे स्थिरांक नावालाच असतात. अंतर मोकळ्या टोकापासून मोजून पाहा. आता जोर Px एवढाच, समीकरण आणखी सुटसुटीत, पण भिंत x = L इथे गेली. सवयीने स्थिरांक शून्य धरले, तर उत्तर येतं की वजन टांगलेलं टोक जागेवरच आहे आणि भिंतीतलं टोक खाली घसरलंय! भिंतीची अट नीट घातली, तर C1 = −PL²/2 आणि C2 = PL³/3. टोकाचा उतार आणि झुकाव या स्थिरांकांतच आहेत, EI ने भागायचं तेवढं बाकी. (उणे चिन्ह एवढंच सांगतं की टोकाकडून भिंतीकडे येताना झुकाव कमी होतो.)

आता आकडे घालू. गर्डर ISMB 200, त्याचा I साधारण २२३५ सेमी⁴. पोलादाचा E २ लाख न्यूटन प्रति चौ. मिमी. म्हणजे EI सुमारे ४४७० kN·m². टोकाला ५ kN, म्हणजे अर्धा टन वजन.

PL³/3EI = 5 × 8 / (3 × 4470) = 0.00298 m

जेमतेम ३ मिमी. टोकाचा उतार ०.००२२ रेडियन, म्हणजे अंशाचा साधारण आठवा भाग. उतार इतका कमी असतो म्हणूनच वळणाच्या जागी नुसतं y'' लिहिलेलं चालतं. हातभर वाकणाऱ्या लवचीक पट्टीला हे सूत्र लावू नये. गर्डरचं स्वतःचं वजन आपण सोडून दिलं, पण त्याने भर पडते जेमतेम ०.१ मिमीची.

प्रत्यक्ष जागेवर मात्र डायल गेज ५ मिमी दाखवू शकतो. पोलाद बहुधा निर्दोष असतं; दगा देते ती भिंत. बोल्ट सैल असले किंवा प्लेटमागचा ग्राऊट पोकळ असला आणि बुडाशी गर्डर ०.००१ रेडियन फिरला, तर दोन मीटरवर टोक आणखी २ मिमी खाली येतं. आपण बिनधास्त शून्य धरलेला C1 इथे शून्य नसतो.

हे ओळखायला दुसरा गेज गर्डरच्या मध्यावर लावावा. भिंत पक्की असेल, तर सूत्रानुसार मध्याचा झुकाव टोकाच्या ५/१६, म्हणजे ०.३१ पट असतो: टोकाला २.९८ मिमी, तर मध्यावर ०.९३. बूड फिरलं असेल, तर त्यामुळे मध्यावर १ मिमी आणि टोकाला २ मिमी भर पडते, आणि गुणोत्तर १.९३ भागिले ४.९८, म्हणजे ०.३९ होतं. असा आकडा आला, तर जाड गर्डर मागवण्याआधी पाना घेऊन बोल्ट तपासावेत.