पट्टीचा भूखंड होताना

शहराच्या वेशीवरच्या कुठल्याही गावाचा गटनकाशा उघडला की आधी नजरेत भरतात त्या जमिनीच्या पट्ट्या. आजोबांची चार एकर जमीन चार भावांत वाटली गेली. प्रत्येकाला गाडीवाटेला तोंड हवं होतं, म्हणून शेत आडवं न कापता उभं कापलं. प्रत्येकाच्या वाट्याला आला एकेक एकर, पण कसा? बारा मीटर रुंद आणि सुमारे ३३५ मीटर लांब. नांगरायला ही पट्टी उत्तम. औताला वळणं कमी पडतात. घर बांधायला मात्र ती निरुपयोगी.

मग शहर जवळ येतं आणि विकास आराखड्यात हा भाग पिवळा होतो. पिवळा म्हणजे निवासी, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग, हिरवा शेती. भावांना वाटतं, आता जमिनीचं सोनं झालं. ते झोन दाखला काढतात, वास्तुविशारदाकडे जातात आणि तिथे कळतं की पिवळ्या रंगाने जमिनीचा आकार बदललेला नाही. बारा मीटरच्या पट्टीत दोन्ही बाजूंना तीन तीन मीटर मोकळे सोडले की मधे उरतात सहा मीटर. इमारत उंच करायची तर सामासिक अंतर आणखी वाढतं. शिवाय २०२० सालापासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ एफएसआयवर मिळणारा वाढीव एफएसआय मिळत नाही. गाडीवाट तर जेमतेम चार मीटरची.

झोनिंग आणि विकास नियंत्रण नियम यांची खरी मर्यादा ही आहे. जमिनीचा वापर कशासाठी करायचा हे झोन सांगतो. किती आणि कसं बांधायचं हे नियम सांगतात. दोन्ही गोष्टी लागतातच, नाहीतर शाळेशेजारी रसायनांचं गोदाम उभं राहील. पण रस्त्यासाठी लागणारी जमीन या दोघांपैकी कुणीही देत नाही. आराखड्यात रस्त्याची रेघ असते, मैदानाचं आरक्षण असतं, पण ज्याच्या शेतातून रेघ जाते त्याचं सगळं जातं आणि शेजाऱ्याचा भाव दुप्पट होतो. साहजिकच तो कोर्टात जातो. भूसंपादनाला पालिकेकडे पैसे नसतात. दहा वर्षं उलटली की मालक नोटीस देतो, मुदतीत जमीन घेतली नाही तर आरक्षण रद्द होतं. तोवर त्या पट्ट्यांचे गुंठे पडलेले असतात. दहा फुटी बोळ ठेवून गुंठा-दोन गुंठ्यांनी जमीन विकली जाते, आणि पुढची पन्नास वर्षं त्या बोळात अग्निशमनाची गाडी शिरत नाही.

यावरचं उत्तर महाराष्ट्राला नवं नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात ते आहे, आणि वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या पत्त्यांत आजही त्याची खूण आहे. 'टीपीएस ३' किंवा 'एफ.पी. नंबर अमुक' असं लिहिलेलं दिसतं ना? टीपीएस म्हणजे नगररचना योजना, एफ.पी. म्हणजे अंतिम भूखंड. तिथले सरळ रस्ते शेतांच्या पट्ट्या मोडून आखले गेले. सध्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली हे होतं.

कल्पना साधी आहे. शंभर-दोनशे हेक्टरांतले सगळे बांध कागदावर पुसायचे. रस्ते, उद्यानं, शाळा, गरिबांच्या घरांची जागा आखायची. उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड पाडून ते मूळ मालकांनाच, शक्यतो त्यांच्या मूळ जागीच, परत द्यायचे. एकाचं सगळं जात नाही, प्रत्येकाचं थोडं जातं.

'थोडं' म्हणजे किती, यावरच सगळी बोलाचाली होते. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणच्या योजनेत मालकाला निम्मी जमीन परत देण्याचं सूत्र ठेवलं. नवी मुंबई विमानतळालगतच्या नैना क्षेत्रात ४० टक्के, पण तिथे भूखंडावर २.५ एफएसआय मिळतो. म्हणजे मूळ जमिनीवर १ धरला तर जेवढं बांधकाम होईल तेवढंच लहान भूखंडावर होतं.

एका भावाचा हिशेब मांडून बघू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. मूळ जमीन ४,००० चौरस मीटर, दर ५,००० रुपये, किंमत दोन कोटी. परत मिळाला २,००० चौरस मीटरचा चौकोनी भूखंड. आकार सुधारल्यामुळे, पण रस्ते-गटारं व्हायच्या आधी, त्याचा दर ६,००० धरला तर किंमत होते एक कोटी वीस लाख. फरक ऐंशी लाखांचा, ती त्याची भरपाई. रस्ते, पाणी, दिवे आल्यावर दर १५,००० झाला तर तोच भूखंड तीन कोटींचा. म्हणजे सुधारणांमुळे वाढ एक कोटी ऐंशी लाख. कायद्याप्रमाणे या वाढीतला जास्तीत जास्त निम्मा भाग योजनेच्या खर्चासाठी घेता येतो, म्हणजे नव्वद लाख. भरपाई वजा जाता तो दहा लाख देणं लागतो आणि त्याच्या हाती तीन कोटींचा भूखंड राहतो.

हा हिशेब जुळतो तो रस्ता खरोखर झाला तरच. राज्यात अनेक दशकं या योजना मागे पडल्या, त्याचं मोठं कारण हेच. प्रारूप योजना मंजूर झाली की लवाद नेमला जातो. तो प्रत्येक मालकाला ऐकून भूखंड आणि रकमा ठरवतो. त्यात वर्षामागून वर्षं जात. किमती जाहीर झालेल्या तारखेलाच अडकून राहत, रस्त्याचा खर्च मात्र चढत जाई, आणि अंशदान वसूल होईपर्यंत त्यात डांबरही येत नसे. गुजरातने १९९९ मध्ये कायदा बदलला आणि प्रारूप मंजूर होताच रस्त्याच्या जमिनीचा ताबा घेण्याची सोय केली. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता बऱ्याच अंशी अशा योजनांतून उभा राहिला. महाराष्ट्रानेही नंतर तशी तरतूद केली.

तरी एक गोष्ट कायद्याने सुटत नाही. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचा ताबा जुळत नाही. हिस्सेफोड झालेली नसते, बहिणींची नावं चढलेली नसतात, आणि जो वर्षानुवर्षं कसतो त्याचं नाव कागदावरच नसतं. मोजणी घाईत उरकलेली योजना ओळखायची असेल तर मालकी आणि मूल्यांकनाचा तक्ता बघावा. एकाच भूखंडासमोर नावांची लांबलचक रांग दिसली तर त्या घरातला वाद जसाच्या तसा नव्या चौकोनात उचलून ठेवला आहे असं समजावं.

अशा एका योजनेच्या मालकसभेला मी बसलो होतो. शाळेच्या पटांगणात मंडप, भिंतीवर दोन नकाशे, डावीकडे जुन्या पट्ट्या, उजवीकडे नवे चौकोन. एक आजोबा उजव्या नकाशावर बोट फिरवत कितीतरी वेळ उभे होते. टेबलापाशी बसलेल्या तरुण नगररचनाकाराने विचारलं, "काय शोधताय, काका?"

"आमची हीर."

विहीर नव्या बारा मीटर रस्त्याच्या कडेला जात होती. काकांनी निम्म्या जमिनीबद्दल चकार शब्द काढला नाही. तरुणाने त्यांना हरकतीचा कागद दिला, पेन दिलं, आणि प्रारूप मंजूर व्हायच्या आत हे लिहून दिलं तर रेघ सरकू शकते, नंतर फार अवघड होतं, असं दोनदा समजावलं. काकांनी नातवाकडून एकच वाक्य लिहून घेतलं. तरुणाने पेन्सिलने नकाशावर विहिरीभोवती छोटं वर्तुळ काढलं, शेजारी गट नंबर टाकला आणि पट्टी ठेवून रस्ता किती सरकवता येईल ते मोजायला घेतलं.