गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना डिप्रेशनची गोळी: बंद करायची की चालू ठेवायची?

घरात सून किंवा मुलगी गरोदर राहिली की पहिला सल्ला ठरलेला असतो, "आता सगळ्या गोळ्या बंद कर, बाळाला त्रास होईल." सर्दीच्या गोळीपुरता हा सल्ला ठीक आहे. पण डिप्रेशन किंवा घबराटीसाठी एसएसआरआय गटातली गोळी, म्हणजे सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन किंवा पॅरोक्सेटीन चालू असेल, तर तोच सल्ला महागात पडू शकतो. गोळी बंद केल्याने बाळ सगळ्याच धोक्यातून सुटत नाही. आजार परत आला तर त्याचा परिणामही बाळावर होतो. म्हणून दोन्ही बाजू मोजून पाहाव्या लागतात.

आजाराची बाजू आपल्या शेजारच्या गोव्यात नीट तपासली गेली आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या मातांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना डिप्रेशन होतं. त्यातल्या ७८ टक्के माता गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे बहुतेकींचा आजार डिलिव्हरीआधीच सुरू झाला होता, पण तेव्हा कुणी विचारलं नाही. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात असं दिसलं की डिप्रेशन असलेल्या मातांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात आणि उंचीत मागे पडण्याचं प्रमाण जास्त होतं. त्या अभ्यासाचा विषय गोळ्या नव्हता, आजार होता.

आता गोळी थांबवल्यावर काय होतं ते पाहू. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी गंभीर डिप्रेशन येऊन गेलेल्या आणि गोळ्यांवर बऱ्या असलेल्या गरोदर स्त्रिया होत्या. ज्यांनी गोळी थांबवली त्यांच्यापैकी ६८ टक्के जणींना गरोदरपणातच आजार परत आला. ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होतं. मात्र या स्त्रिया मोठ्या तज्ज्ञ केंद्रांतल्या होत्या आणि बहुतेकींना आजार वारंवार झालेला होता. सौम्य आजाराच्या स्त्रियांवर नंतर झालेल्या अभ्यासात इतका मोठा फरक दिसला नाही. त्यामुळे हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. आजार किती वेळा आला, किती जड होता, आधी गोळी सोडली तेव्हा काय झालं, यावर तिचा स्वतःचा धोका ठरतो.

दुसऱ्या पारड्यात बाळाला होणारा गोळीचा संपर्क आहे. गोळी न घेणाऱ्या मातांमध्येही शंभरातल्या साधारण तीन बाळांना काही जन्मजात दोष असतो. मोठ्या अभ्यासांत आजाराचा परिणाम वेगळा काढल्यावर सर्ट्रालीनमुळे यात म्हणण्यासारखी वाढ दिसलेली नाही. पॅरोक्सेटीनबाबत पहिल्या तीन महिन्यांत हृदयाच्या दोषाची थोडी शंका आहे, म्हणून नव्याने सुरू करताना डॉक्टर ती सहसा टाळतात. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असेल तर फुफ्फुसातल्या रक्तदाबाचा एक दुर्मीळ पण गंभीर त्रास हजार बाळांत दोनऐवजी साधारण तीन जणांना होतो. डिलिव्हरीनंतर रक्तस्राव थोडा वाढू शकतो, म्हणून गोळीची माहिती प्रसूतीच्या डॉक्टरांनाही असावी.

जास्त वेळा दिसतो तो तात्पुरता त्रास. गोळी चालू असलेल्या मातांच्या सुमारे तीस टक्के बाळांत पहिल्या दोन दिवसांत थरथर, चिडचिड, नीट न पिणं किंवा जलद श्वास दिसतो. तो बहुधा काही दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत जातो. म्हणून डिलिव्हरी दवाखान्यात व्हावी आणि बाळावर निदान दोन दिवस लक्ष असावं. बाळ निळसर पडलं, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा पीतच नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. धाटावची एक भगिनी आहे, नवरा एमआयडीसीत कामाला. तिला दोनदा जड डिप्रेशन येऊन गेलं. दुसऱ्यांदा तर गोळी स्वतःहून सोडल्यावर दोन महिन्यांत आलं. आता दीड वर्ष सर्ट्रालीन ५० मिलिग्रॅमवर ती बरी आहे आणि सातवा आठवडा चालू आहे. सासूबाई म्हणतात, आजच बंद कर. एकदम बंद केली तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं, झोप उडणं सुरू होऊ शकतं. खरा आजार मात्र आठवड्यांनी, हळूहळू परततो, आणि तेव्हा घरच्यांना वाटतं की हा गरोदरपणाचाच थकवा आहे. तिचा मागचा अनुभव पाहता डॉक्टर बहुधा तीच गोळी चालू ठेवायला सांगतील. "सुरक्षित" म्हणून दुसरी गोळी देणंही टाळतील, कारण मग बाळाचा दोन औषधांशी संपर्क येतो आणि नवी गोळी तिला लागू पडेल याची खात्री नसते. शेवटच्या महिन्यांत शरीर बदलल्याने डोस कमी पडू शकतो, म्हणून लक्षणं पुन्हा विचारली जातात. डिलिव्हरी जवळ आली म्हणून आपल्या मनाने डोस कमी करू नये. आजार उलटण्याचा मोठा धोका नेमका बाळंतपणानंतर असतो.

उलट आजार एकदाच, सौम्य आला असेल आणि ती बराच काळ बरी असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी हळूहळू कमी करून समुपदेशनावर राहणं हाही योग्य निर्णय असू शकतो.

आता दुधाचा प्रश्न. सर्ट्रालीन दुधात फार कमी उतरते. आईच्या वजनाच्या हिशोबाने तिचा जो डोस पडतो, त्याच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त भाग बाळाला सहसा मिळत नाही. दहा टक्क्यांखालचं प्रमाण साधारणपणे चालण्यासारखं मानतात. आपल्या उदाहरणातली आई ६० किलोची आणि बाळ ४ किलोचं धरलं, तर बाळाला दिवसाला फार तर ०.०७ मिलिग्रॅम मिळेल, म्हणजे एका गोळीचा सुमारे सातशेवा भाग. गर्भात मिळतं त्याहून हे खूप कमी आहे. म्हणून गोळीसाठी दूध तोडण्याची गरज सहसा पडत नाही. फ्लुओक्सेटीन शरीरात जास्त दिवस राहते आणि दुधातून जास्त जाते, त्यामुळे तिथे बाळाकडे जास्त लक्ष द्यावं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधी विचारावं. गोळी कोणतीही असो, बाळ फार सुस्त किंवा चिडचिडं आहे का, पितं का, वजन वाढतं का, एवढं पाहावं.

रमजानमध्ये गरोदर किंवा दूध पाजणाऱ्या भगिनीने रोजा ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावं. रोजा ठेवलाच तर दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर किंवा सहेरीला घेता येते. गोळी चुकवण्याची गरज नाही.

मूल हवं असेल तर ही चर्चा गरोदर राहण्याआधीच करावी. पेण-रोह्याच्या घरांना जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, बोलणं भरकटत असेल किंवा बाळाबद्दल विचित्र संशय येत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. तिला आणि बाळाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.