वळताना तुटतो की उडी मारताना?

गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की कॉलेजच्या गॅदरिंगमधला बँड, वायरलेस लावून स्टेजभर फिरणाऱ्या गिटारवादकाची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : ‘हललो की आवाज खरखरतो.’ साउंडवाला बॅटरी बदलतो, चॅनल बदलतो. दोन गाणी बरी जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होतं. याचं कारण असं, की या एका वाक्यामागे पुष्कळदा दोन वेगळे बिघाड असतात. एक हवेत, ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यामध्ये. दुसरा खुद्द गिटारमध्ये, जिथे जॅकमध्ये पिन बसते तिथे. वादक एका जागी उभा असताना दोन्ही गप्प असतात आणि तो हलला की दोन्ही जागे होतात.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. सोसायटीच्या पटांगणात स्टेज आहे. गिटारवादकाने पट्ट्याला, पाठीच्या बाजूला ट्रान्समीटर अडकवला आहे आणि त्याची छोटी वायर गिटारच्या जॅकमध्ये गेली आहे. रिसीव्हर समोर, प्रेक्षकांच्या मागे, मिक्सरच्या टेबलावर आहे. संच डिजिटल आहे आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. स्वस्तातले बरेच संच याच पट्ट्यातले असतात. दुपारी क्लबहाउसच्या खोलीत सराव झाला, तेव्हा एकदाही आवाज तुटला नाही. रात्री स्टेजवर मात्र प्रेक्षकांकडे तोंड केलं की सूर मध्येच गायब होतो आणि उडी मारली की करकर येते.

आधी गायब होणारा सूर पाहू. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर असते. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी आहे आणि या लहरी असं शरीर ओलांडताना जवळजवळ संपून जातात. धड या लहरीपेक्षा कितीतरी रुंद असल्याने त्यांना वळसा घालूनही फारसं पलीकडे पोचता येत नाही. उन्हात उभ्या माणसाची सावली पडते, तशी इथे रेडिओची सावली पडते. ट्रान्समीटर पाठीवर आणि रिसीव्हर समोर असेल, तर मोकळ्यावर सिग्नल सहज शंभर पटींनी पडू शकतो. वादक प्रेक्षकांकडे पाहून वाजवतो तेव्हा रिसीव्हर नेमका या सावलीत असतो. शिवाय दुपारी रिकामं असलेलं पटांगण रात्री माणसांनी भरतं. ती माणसंही वाट अडवतात आणि त्यांच्या खिशातल्या फोनचे वायफाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात बोलत असतात.

मग खोलीत सगळं ठीक कसं होतं? तिथे भिंती आणि छत होतं. पाठीमागे निघालेली लहर भिंतीवर आपटून रिसीव्हरपर्यंत पोचत होती. सावली होती, पण परावर्तनांनी ती भरून निघत होती. पटांगणात मागे पडदा आणि वर आकाश असतं, परतून यायला लहरीला जागाच नसते. म्हणून खोलीतल्या सरावावरून मोकळ्या स्टेजचा अंदाज बांधू नये.

आता कान काय सांगतात ते पाहा. जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग संचात सिग्नल अशक्त झाला की आवाजावर आधी फस्स असा गोंगाट चढतो. डिजिटल संचात बहुतेक वेळा तसं होत नाही. माहिती नीट पोचेपर्यंत आवाज स्वच्छ असतो. ती पोचेनाशी झाली की रिसीव्हर आवाज बंदच करतो. म्हणजे डिजिटल संचात मधूनमधून शांतता येत असेल तर संशय हवेवर घ्यायचा. करकर, खट्‌खट्, मध्येच भुणभुण येत असेल, तर तो गोंगाट ट्रान्समीटरमध्ये शिरण्याआधीच तयार झालेला असतो. ट्रान्समीटरने तो इमानाने पुढे पाठवला, एवढंच.

तपासणी पाच मिनिटांची आहे. वादकाने एक सूर धरून जागच्या जागी सावकाश पूर्ण गोल फिरावं, गिटारला धक्का न देता. दुसऱ्याने रिसीव्हरवरच्या सिग्नलच्या दिव्यांकडे पाहावं. ठरावीक दिशेला दिवे उतरत असतील आणि तिथेच आवाज तुटत असेल, तर सावली सापडली. मग स्थिर उभं राहून जॅकमधली पिन बोटाने हलकेच वरखाली करावी. दिवे पूर्ण असताना करकर आली, तर दोष जॅकचा किंवा त्या छोट्या वायरचा. शेवटी वायरलेस काढून साधी चांगली केबल लावावी आणि तिची पिन तशीच हलवावी. करकर कायम राहिली तर जॅक; गेली तर ट्रान्समीटरची वायर किंवा त्याचं सॉकेट. फक्त व्हॉल्यूमची खुंटी फिरवतानाच खरखर येत असेल, तर ती खुंटी मळलेली आहे. तिचा या दोन्हींशी संबंध नाही.

आपल्या प्रसंगात दोन्ही चाचण्या दोष दाखवतील. सावलीवरचा उपाय जागेचा आहे. रिसीव्हर मिक्सरपाशी न ठेवता स्टेजच्या कडेला, ट्रान्समीटर ज्या बाजूला असतो त्या बाजूला, डोक्याहून उंच स्टँडवर ठेवावा. तिथून मिक्सरपर्यंत डीआय बॉक्स लावून केबलने आवाज न्यावा; लांब पल्ला केबलने काटायचा आणि हवेतलं अंतर थोडं ठेवायचं. अँटेना बाहेर असलेला ट्रान्समीटर असेल, तर ती अँटेना मोकळी राहू द्यावी. दुमडून खिशात कोंबू नये, घामेजल्या अंगाला चिकटू देऊ नये. टॅबलेटवरून चालणाऱ्या मिक्सरचा राउटर पुष्कळदा रिसीव्हरच्याच रॅकमध्ये असतो. तो दूर हलवावा आणि ५ गिगाहर्ट्‌झवर लावावा.

जॅकचा उपाय पान्याचा आणि डाखाचा आहे. जॅकमध्ये एक वाकडी पट्टी असते. ती स्प्रिंगसारखी पिनच्या टोकावर दाब धरते. वर्षानुवर्षं पिन घालून-काढून हा दाब कमी होतो. बाहेरचा नट सैल झाला की अख्खा जॅक फिरू लागतो आणि आतल्या तारांना पीळ बसून डाख सुटतो. जॅकमध्ये थेट खोचायचा ट्रान्समीटर असेल तर त्याचं वजन तरफेसारखं काम करतं आणि प्रत्येक उडीला ती पट्टी क्षणभर सुटते. दुरुस्ती करताना प्लेट उघडून जॅक आतून घट्ट धरावा आणि मगच नट आवळावा. नुसता बाहेरून आवळला तर तारा आणखी पिळल्या जातात. पट्टी किंचित आत वाकवावी, संपर्काची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि सुटलेला डाख पुन्हा द्यावा. जॅक बंद नळीसारखा असेल, जसा ॲकॉस्टिक गिटारच्या टोकाला असतो, तर पट्टीपर्यंत हात पोचत नाही. तो बदलणंच बरं. छोटी वायर आधी पट्ट्याच्या मागून ओवून मग जॅकमध्ये घालावी, म्हणजे ओढ पट्टा सोसतो.

या उपायांची मर्यादाही आहे. जॅक एकदा नीट झाला की वर्षानुवर्षं टिकतो. हवेचं तसं नाही. गर्दी, फोन आणि शेजारच्या मंडळाचे वायरलेस रोज बदलतात. म्हणून गोल फिरण्याची चाचणी प्रत्येक कार्यक्रमाआधी त्याच स्टेजवर करावी आणि प्रेक्षक भरल्यावर पहिल्या गाण्याआधी एकदा सिग्नलचे दिवे पाहावेत. जॅकपाशी पोचेल अशी एक लांब केबल स्टेजच्या कडेला मिक्सरला जोडून तयार ठेवावी. आवाज तुटलाच, तर दोन ओळींच्या मध्ये ती लावून गाणं पुढे नेता येतं.