नुकसानीच्या तक्त्यातून पात्र शेतकऱ्यांची स्वतंत्र यादी

मांजरा नदीच्या काठावरील बिलोली तालुक्यात अतिवृष्टीनंतर पिकांचे पंचनामे होतात आणि गावोगावच्या नोंदी तहसील पातळीवर एका तक्त्यात एकत्र केल्या जातात. पीकहानीच्या मदतीसाठी किमान 33 टक्के नुकसान ही अट आहे; 2015 पूर्वी ती 50 टक्के होती. त्यामुळे मूळ तक्त्याला धक्का न लावता एका गावच्या पात्र नोंदींची स्वतंत्र यादी काढणे, हे महत्त्वाचे काम ठरते. एक्सेलच्या 2021 व त्यानंतरच्या आवृत्त्यांत यासाठी FILTER हे सूत्र उपलब्ध आहे. नेहमीची गाळणी नको असलेल्या ओळी जागच्या जागी लपविते. हे सूत्र मात्र जुळणाऱ्या ओळी दुसऱ्या जागी मांडून देते.

सूत्राची मांडणी

उदाहरणादाखल सहा नोंदींचा पुढील तक्ता घेऊ. स्तंभ A ते E अशी त्याची रचना असून नोंदी दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात.

| गाव | गट क्र. | पीक | हेक्टर | नुकसान टक्के |
|---|---|---|---|---|
| सगरोळी | 112 | सोयाबीन | 0.80 | 45 |
| कासराळी | 57 | सोयाबीन | 1.20 | 38 |
| सगरोळी | 86 | कापूस | 0.60 | 25 |
| सगरोळी | 140 | सोयाबीन | 1.00 | 52 |
| लोहगाव | 23 | तूर | 0.90 | 30 |
| सगरोळी | 91 | सोयाबीन | 0.70 | 33 |

सगरोळीच्या पात्र नोंदी हव्या असल्यास G2 या घरात पुढील सूत्र लिहावे.

```
=FILTER(A2:E7,(A2:A7="सगरोळी")*(E2:E7>=33),"नोंद नाही")
```

सूत्राचा पहिला भाग कोणत्या ओळींतून निवड करावयाची ते सांगतो. दुसरा भाग अट होय. येथील गुणाकाराचे चिन्ह ‘आणि’ या अर्थाने आले आहे. प्रत्येक ओळीसाठी दोन्ही अटींची उत्तरे 1 किंवा 0 धरून गुणली जातात व गुणाकार 1 येईल तीच ओळ निवडली जाते. एकही ओळ न जुळल्यास तिसऱ्या भागातील शब्द दिसतात. सूत्र एकाच घरात लिहिले तरी उत्तर उजवीकडे व खाली आपोआप पसरते. तेथील एखादे घर भरलेले असल्यास #SPILL! असा इशारा येतो; ते घर रिकामे करताच यादी उमटते.

वगळलेली ओळ

गट क्रमांक 112, 140 व 91 अशा तीन ओळी मिळावयास हव्यात. परंतु गट 140 च्या नोंदीत गावाच्या नावापुढे चुकून एक मोकळी जागा टंकित झाली असेल, तर दोनच ओळी येतात. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात. संगणकाला ती भिन्न वाटतात. कोणताही इशारा न येता 52 टक्के नुकसान झालेला शेतकरी यादीबाहेर राहतो. ही चूक ओळखण्यासाठी पुढील दोन मोजण्या कराव्यात.

```
=COUNTIF(A2:A7,"सगरोळी")
=COUNTIF(A2:A7,"सगरोळी*")
```

पहिलीचे उत्तर 3 व दुसरीचे 4 आल्यास एका नावापुढे काहीतरी अधिक आहे, हे उघड होते. अटीत A2:A7 ऐवजी TRIM(A2:A7) लिहिल्यास अशी साधी मोकळी जागा दुर्लक्षिली जाते. ‘सगरोली’ असे लिहिलेले नाव मात्र यानेही जुळत नाही. तेथे मूळ नोंदच दुरुस्त करावी लागते.

अपात्र ओळीचा शिरकाव

याच्या उलट दोष टक्क्यांच्या स्तंभात आढळतो. गट 86 समोर कोणी ‘25 टक्के’ असे लिहिले, तर तो आकडा न राहता मजकूर होतो. तुलना करताना एक्सेल कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानते. परिणामी 25 टक्के नुकसानीची ही ओळ पात्र यादीत येते. `=COUNT(E2:E7)` हे सूत्र केवळ आकडे मोजते. त्याचे उत्तर सहाऐवजी 5 आल्यास त्या स्तंभात एक मजकूर किंवा रिकामे घर आहे, असे समजावे.

यादी कायम करताना

मूळ तक्त्यात दुरुस्ती होताच ही यादीही बदलते. ही सोय असली तरी यादीशेजारी हाताने लिहिलेला शेरा ओळीबरोबर सरकत नाही. नवी ओळ मध्ये आल्यास एकाचा शेरा दुसऱ्याच्या नावासमोर जातो. म्हणून शेरे मूळ तक्त्यातच ठेवावेत. स्वाक्षरीसाठी जाणारी यादी मात्र वरील दोन्ही तपासण्या पूर्ण झाल्यावर केवळ मूल्यांच्या रूपात दुसऱ्या पानावर उतरवून तिच्यावर दिनांक घालावा.