बर्फ तरंगतो, म्हणून मासे तगतात

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला. तरीही कुही तालुक्यात आंभोऱ्याजवळ पसरलेल्या गोसेखुर्दच्या पाण्यावर बर्फ धरला नाही.

थंड होताना पाणी आकसते, जड होते आणि खाली बसते. खालचे कोमट पाणी वर येते. ही उलथापालथ ४ अंशांपर्यंत चालते. एवढा मोठा साठा आधी ४ अंशांपर्यंत निवावा लागतो, मगच पृष्ठभाग गोठू शकतो. विदर्भातल्या चार थंड रात्री त्याला पुरत नाहीत.

४ अंशांखाली मात्र उलटे घडते. पाणी प्रसरण पावू लागते. गोठताना त्याचे रेणू एकमेकांना धरून पोकळ, षटकोनी जाळी रचतात. १०० मिलिलिटर पाण्याचा सुमारे १०९ मिलिलिटर बर्फ होतो. वजन तेच, जागा जास्त. म्हणून बर्फ तरंगतो.

श्रीनगरच्या दल सरोवरावर कडाक्याच्या थंडीत बर्फाचा थर धरतो. तो पांघरुणासारखा खालची ऊब राखतो. तळाशी पाणी द्रवरूपच राहते आणि मासे तिथे मंदावून हिवाळा काढतात. बर्फ जड असता, तर तो तळाशी साचत जाऊन तळे खालून वर गोठले असते.

या पांघरुणालाही मर्यादा आहे. उथळ डबके तळापर्यंत गोठू शकते. बर्फावर हिम साचून उजेड फार दिवस अडला, तर पाणवनस्पतींकडून प्राणवायू मिळेनासा होतो आणि मासे गुदमरतात.