गाडी नेमकी कुठे अडते?

ऑक्टोबर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत एक गोपनीय अहवाल तयार झाला. लेखक होते गणितज्ञ टी. ई. हॅरिस आणि निवृत्त जनरल एफ. एस. रॉस. सोव्हिएत रशियातून पूर्व युरोपकडे जाणाऱ्या रेल्वेचं जाळं त्यांनी ४४ ठिकाणं आणि १०५ मार्गांच्या नकाशात मांडलं होतं. या जाळ्यातून जास्तीत जास्त १ लाख ६३ हजार टन माल जाऊ शकतो, असं उत्तर निघालं. नकाशावर एक रेघ आडवी मारलेली होती. ती रेघ जे मार्ग कापत होती, त्यांची एकूण क्षमताही बरोबर १ लाख ६३ हजार टनच होती. हा अहवाल १९९९ मध्ये खुला झाला.

किती माल जाईल आणि तो कुठे तोडता येईल, या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच आकड्यावर यावीत, हे मला आजही विलक्षण वाटतं. रँडमध्येच काम करणाऱ्या लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फुल्करसन यांनी हे कोणत्याही जाळ्याला लागू असल्याचं सिद्ध केलं आणि १९५६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांची रीत सहा स्टेशनांच्या जाळ्यावर हाताने करून पाहता येते. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

डावीकडे ‘उगम’ लिहा, उजवीकडे ‘शेवट’. मधे वरच्या ओळीत अ आणि क, खालच्या ओळीत ब आणि ड. सगळे मार्ग एकेरी आहेत आणि प्रत्येकावरून रोज किती मालगाड्या जाऊ शकतात ते ठरलेलं आहे. उगम ते अ ६, उगम ते ब ८. अ ते क ५, अ ते ड ४, ब ते ड ५. क ते शेवट ९, ड ते शेवट ७. मधल्या स्टेशनावर गाडी साठवता येत नाही. जितक्या येतील तितक्या पुढे गेल्या पाहिजेत.

आता जी वाट मोकळी दिसेल तिच्यावरून जमतील तितक्या गाड्या सोडू. उगम, अ, ड, शेवट या वाटेवर सर्वांत अरुंद मार्ग ४ चा, म्हणून ४ गाड्या. उगम ते अ वर अजून २ ची जागा आहे. त्या क वरून पाठवल्या, झाल्या ६. खालून उगम, ब, ड, शेवट असं गेलं तर ड ते शेवट या मार्गावर ३ चीच जागा उरली आहे. ३ सोडल्या, एकूण ९.

इथे सगळं थांबल्यासारखं दिसतं. उगम ते अ भरला. ब कडून ड पर्यंत अजून २ गाड्या येऊ शकतात, पण ड च्या पुढचा मार्ग पूर्ण भरला आहे. बहुतेक जण इथे ९ हे उत्तर लिहून मोकळे होतात, आणि ते चूक आहे.

फोर्ड-फुल्करसन इथे दुसरा नकाशा काढायला सांगतात. त्याला अवशिष्ट आलेख म्हणतात, म्हणजे उरलेल्या शक्यतांचा नकाशा. त्यात प्रत्येक मार्गाचे दोन आकडे असतात. सरळ दिशेने अजून किती गाड्या मावतील हा एक, आणि उलट दिशेने, आधी सोडलेल्यांपैकी किती मागे घेता येतील हा दुसरा. अ ते ड वर आपण ४ गाड्या सोडल्या आहेत, म्हणून या नकाशात ड कडून अ कडे ४ ची उलटी रेघ येते. आता एक वाट सापडते. उगम ते ब, ब ते ड, तिथून उलट्या रेघेने अ, मग क आणि शेवट. तिच्यावरचे आकडे अनुक्रमे ५, २, ४, ३ आणि ७ आहेत, म्हणजे २ गाड्या वाढतील.

हा उलटा टप्पा नीट समजून घ्यायला हवा. ड वरून अ कडे खरी गाडी एकही जात नाही. आधी अ वरून ड ला पाठवलेल्या ४ पैकी २ गाड्या आपण अ वरच क कडे वळवतो. ड वर त्यांची जी जागा मोकळी झाली, ती ब वरून आलेल्या २ गाड्या घेतात. ड ते शेवट या मार्गावर तितक्याच ७ गाड्या धावतात, तरी एकूण आकडा ११ होतो. सुरुवातीला निवडलेली वाट फारशी चांगली नव्हती, पण ती पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं नाही.

पुन्हा उरलेला नकाशा काढा आणि उगमापासून निघा. अ कडे जाणारा मार्ग भरला आहे. ब कडे अजून ३ ची जागा आहे, म्हणून ब गाठता येतं. ब ते ड मात्र आता ५ पैकी ५, पूर्ण भरला. पुढे वाट नाही. शोध फसला, आणि या फसलेल्या शोधातच किमान छेद मिळतो. जिथवर पोचलो ती स्टेशनं एका बाजूला, उगम आणि ब. बाकी सगळी दुसऱ्या बाजूला. या बाजूकडून त्या बाजूला जाणारे मार्ग दोनच आहेत, उगम ते अ ६ आणि ब ते ड ५. बेरीज ११.

यापेक्षा जास्त गाड्या का जाणार नाहीत, हेही लगेच दिसतं. शेवटाला पोचणारी प्रत्येक गाडी या दोनपैकी एका मार्गावरून गेलीच पाहिजे. वाट शोधताना कुठे चुकलो की काय, ही शंका त्यामुळे उरत नाही. प्रवाह ११ आणि छेद ११, दोन आकडे जुळले की हिशेब पक्का.

छेद मोजताना एक चूक नेहमी होते. समजा उगम, ब आणि ड या तिघांना एका बाजूला ठेवलं. मग उगम ते अ चे ६ आणि ड ते शेवट चे ७, मिळून छेद १३ चा. पण रेघ अ ते ड हा मार्गही कापते, म्हणून अनेक जण त्याचे ४ मिळवतात. तो मार्ग बाहेरून आत येतो, तो धरायचा नाही.

आता ड ते शेवट या मार्गाकडे पाहा. तो ७ पैकी ७, काठोकाठ भरलेला आहे, आणि तरीही छेदात नाही. तिथे १० गाड्यांची सोय केली तरी एकूण आकडा ११ च राहील. गर्दी दिसते तिथे खर्च केला तर तो वाया जातो, तो असा. उलट ब ते ड ५ वरून ६ केला, तर एक गाडी वाढून १२ होतात.

मोठ्या जाळ्यात वाट कोणती निवडायची यावर बरंच अवलंबून असतं. चार मोठे मार्ग हजार-हजारांचे आणि मधे एकाच गाडीचा जोडमार्ग असेल, तर दर वेळी त्या जोडमार्गावरून सरळ-उलट जाणाऱ्या वाटा निवडल्याने एकेक गाडी वाढत दोन हजार फेऱ्या लागतात, जिथे दोन पुरल्या असत्या. जॅक एडमंड्स आणि रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दाखवलं की दर वेळी कमीत कमी टप्प्यांची वाट घेतली, तर क्षमतेचे आकडे कितीही मोठे असले तरी फेऱ्यांची संख्या जाळ्याच्या आकारानेच मर्यादित राहते. दिनित्झ यांनी रशियात १९७० मध्येच असं काम प्रसिद्ध केलं होतं.

तुमच्या कागदावर ब ते ड ची क्षमता ९ लिहा आणि पुढे चालू करा. चार गाड्यांची सोय वाढली तरी एकच गाडी वाढेल आणि आकडा १२ वर थांबेल. नवा छेद कुठे गेला, ते उगमापासून पुन्हा निघून स्वतः शोधा.