पुराची वर्गणी आणि तिचा हिशोब

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर घराघरांत, दुकानांत उरला तो चिखल. अशा वेळी गावोगावची तरुण मंडळं ‘मदत करा’ म्हणून आवाहन काढतात, आणि त्यातली बरीच आवाहनं वस्तूंच्या यादीपाशीच चुकतात. ‘अन्न, कपडे, औषधं’ एवढंच लिहिलं की लोक घरातले जुने कपडे आणून टाकतात. पूरग्रस्तांना ते नको असतात. मग ते निवडण्यातच मंडळाच्या पोरांचे दिवस जातात.

गरज दिवसागणिक बदलते, म्हणून यादीवर तारीख हवी. पहिले दोन-तीन दिवस शेगडीच भिजलेली असते. तेव्हा तांदूळ-डाळ देऊन काय उपयोग? बिस्किटं, चिवडा, बाटलीबंद पाणी, मेणबत्त्या, सॅनिटरी पॅड हे लागतं. पाणी उतरलं की फावडी, घमेली, खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, रबरी बूट आणि हातमोजे. शिधा त्यानंतर: पाच माणसांच्या घराला आठवडाभरासाठी पाच किलो तांदूळ, पाच किलो आटा, दोन किलो डाळ, लिटरभर तेल, मीठ, साखर, चहा, तिखट. कपडे घ्यायचेच तर नवी अंतर्वस्त्रं, टॉवेल आणि चादरी घ्याव्यात.

पैशाचं काम जास्त नाजूक. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं; गणेशोत्सवात मंडळं हेच करतात. प्राप्तिकराची सवलत देणारी नोंदणी नसेल तर तसं आवाहनातच लिहावं, म्हणजे मागाहून वाद होत नाही. पैसे मंडळाच्या खात्यात यावेत, अध्यक्षाच्या मोबाइलवरच्या स्वतःच्या खात्यात नव्हे. रोखीला क्रमांकाची पावती द्यावी.

समजा, 1,84,500 रुपये जमले. साडेआठशे रुपयांची 150 शिधापाकिटं म्हणजे 1,27,500. सफाईच्या सामानाला 26,000, टेम्पो आणि डिझेलला 14,000. उरले 17,000. टेम्पोचा खर्च लपवायची सवय मंडळांना असते, कारण ‘सगळं पूरग्रस्तांपर्यंत’ असं छापलेलं असतं. तो उघड लिहावा. सामान आपोआप पोहोचत नाही, हे देणाऱ्यालाही कळतं.

श्रमाचे तास वेगळ्या वहीत लिहायचे: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम. वीस जण सहा तास राबले तर 120 तास झाले. त्यांची मजुरी लावून ती रक्कम देणगीत मिळवायची नाही, कारण ते पैसे कधी आलेलेच नसतात. वहीचा खरा उपयोग पाळ्या लावायला होतो. कोण सलग दोन पाळ्या चिखलात होता ते तिथे दिसतं, आणि त्याला तिसरीला बसवता येतं. पायाला जखम असलेल्यानं चिखलात उतरूच नये, लेप्टोची भीती असते. त्याला पावत्यांवर बसवावं.

आणि उरलेले 17,000? ते गुपचूप मंडपाच्या खर्चात गेले की पुढच्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन दारात गेल्यावर लोक आधी पुराचं विचारतात. शिल्लक कुठे जाईल हे आवाहनातच लिहून ठेवावं: पूरग्रस्त शाळेच्या वह्या-पुस्तकांना, नाहीतर मुख्यमंत्री सहायता निधीला.